तांब्यावरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नाटा, म्हणजे आर्किटेक्चरच्या प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी रोज तांब्या समोर ठेवून त्याचं चित्र काढा, असं मी एका लेखात लिहिलं होतं. त्यावर आलेली ही प्रतिक्रिया:

«मॅडम, लेख वाचला. मुलगी बारावीला आहे, नाटाला तीन महिने उरलेत. २०० पैकी १२० गुण कॉम्प्युटरवरच्या प्रश्नांना, आणि तुम्ही सांगताय रोज तांब्या काढा. तांब्या काढून रिझनिंग येत नाही. क्लासमध्ये तीस चित्रं पाठ करून घेतात आणि मुलं पास होतात. चित्राला दोन तास असतात हेही तुम्ही चुकीचं लिहिलंय. गणिताबद्दल एक ओळ नाही. असले सल्ले फावला वेळ असणाऱ्या बायकांना ठीक आहेत. – एक पालक»

नमस्कार.

आधी चूक मान्य करते. नाटाच्या आत्ताच्या स्वरूपात चित्र आणि रचनेचा भाग ८० गुणांचा आहे आणि त्याला ९० मिनिटं मिळतात. मी परीक्षा दिली २००८ साली, तेव्हा चित्राचा पेपर दोन तासांचा होता. तोच आकडा डोक्यात बसलेला होता, तोच लिहिला. लेखात दुरुस्ती केली आहे आणि चूक दाखवल्याबद्दल आभार.

पण हे तुम्हाला एका ओळीत सांगता आलं असतं. त्यासाठी बायका आणि त्यांचा फावला वेळ मध्ये आणायची काय गरज होती? मी दिवसभर साइटवर आणि ऑफिसात असते. रविवारी सकाळी घरच्या हॉलमध्ये सात-आठ मुलांना चित्र शिकवते, तेही गेली अकरा वर्षं. माझं म्हणणं चुकत असेल तर जरूर सांगा, पण समोर कोणी पुरुष आर्किटेक्ट असता तर तुम्ही हे वाक्य लिहिलं नसतं, याची मला खात्री आहे. असो.

आता रिझनिंगवाल्या वाक्याकडे येते, कारण ते वाचल्यापासून मला स्वस्थता नाही.

गेल्या वर्षी बारावीतली एक मुलगी माझ्याकडे आली. तिला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दोन्हीत ए ग्रेड होती, हात छान होता, शेडिंग तर फारच छान. तिच्यासमोर टेबलावर तांब्या ठेवला आणि काढ म्हटलं. तिनं काठाचा लंबगोल मोठा, उघडा काढला, आतला अंधार दिसेल असा. पोट गोलाईदार, त्यावर खिडकीचा उजेड नेमका. आणि बूड? जवळजवळ सरळ रेघ. चित्र देखणं होतं, पण चूक होतं. काठाचा लंबगोल सांगत होता की बघणारा वरून बघतोय आणि बुडाची रेघ सांगत होती की त्याचा डोळा टेबलाच्या पातळीवर आहे. एका चित्रात दोन माणसं बघत होती.

मी तिला मोजायला सांगितलं. तांब्या १४ सेंटिमीटर उंच होता, तिचे डोळे टेबलाच्या ४० सेंटिमीटर वर आणि तांब्यापासूनचं आडवं अंतर साधारण ६० सेंटिमीटर. म्हणजे काठ डोळ्यांच्या २६ सेंटिमीटर खाली आणि बूड ४० सेंटिमीटर खाली. जे वर्तुळ डोळ्यांच्या जास्त खाली, ते जास्त उघडं दिसतं. या मापांत काठाच्या लंबगोलाची खोली त्याच्या रुंदीच्या दोन-पंचमांश येते आणि बुडाची निम्म्याहून थोडी जास्त. म्हणजे बूड काठापेक्षा अधिक गोल वळायला हवं. तिच्या चित्रात नेमकं उलट होतं. हात सरळ ताणून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवून तिनं स्वतः माप घेतलं तेव्हा तिला ते पटलं. (कोपर वाकलं की माप बदलतं. पहिले चार दिवस सगळ्यांचंच वाकतं.)

आठवडाभर तिनं तोच तांब्या काढला. एक दिवस खुर्चीवर बसून, एक दिवस तांब्या जमिनीवर ठेवून उभ्यानं, एक दिवस फडताळात डोळ्यांच्या वर ठेवून. डोळ्यांच्या वर गेला की काठाची रेघ वरच्या बाजूला वळते, तोंडाच्या आतलं काही दिसत नाही. शेवटच्या दिवशी तांब्या दुसऱ्या खोलीत ठेवला आणि आठवणीतून काढला. रोज वीस-पंचवीस मिनिटं, त्यातली पाच मोजण्याची. याला तुम्ही फावल्या वेळाचा उद्योग म्हणता.

आणि आठव्या दिवशी तिला मी सांगितलं, हाच तांब्या बरोबर वरून कसा दिसेल ते काढ, समोर तांब्या नाही. तिनं चार वर्तुळं काढली, एकात एक: पोटाचं, बुडाचं, काठाचं, गळ्याचं. मग थांबली आणि बुडाचं खोडलं. पोट बुडापेक्षा रुंद आहे, म्हणून वरून बूड झाकलं जातं. काठ बाहेर पसरलेला आहे, म्हणून गळा बाहेरून दिसत नाही, पण तोंडातून आत बघितलं की त्याची अरुंद कड दिसते. उरली तीन वर्तुळं. तिनं हे मला बोलून दाखवलं, मी काही सांगितलं नव्हतं.

साहेब, कॉम्प्युटरवरच्या ज्या प्रश्नांबद्दल तुम्ही बोलताय, त्यातले कितीतरी हेच विचारतात. एक वस्तू दाखवतात आणि वरून कशी दिसेल, बाजूने कशी दिसेल, मधून कापली तर छेद कसा असेल ते चार पर्यायांतून निवडायला सांगतात. त्या पर्यायांत एक उत्तर हमखास असं असतं ज्यात झाकली गेलेली कड दिसतेय असं काढलेलं असतं. बुडाचं वर्तुळ न खोडणारी मुलं तेच निवडतात. सरावाच्या पुस्तकातले दोनशे प्रश्न सोडवूनही निवडतात, कारण पुस्तकात वस्तू हातात येत नाही, फिरवून बघता येत नाही, चुकलो तर का चुकलो हे दिसत नाही. शेवटच्या पानावर फक्त ‘ब’ असं लिहिलेलं असतं.

आकड्यांच्या मालिका आणि तर्काची कोडी तांब्यातून येणार नाहीत, हे खरं. त्यांचा सराव वेगळा. पण तुम्ही ‘रिझनिंग’ असा सरसकट शब्द वापरलात म्हणून एवढं लिहावं लागलं.

पाठ केलेल्या चित्रांबद्दल मात्र मला अनुभवातून बोलायचंय, आणि हा अनुभव मला आजही सुखाचा वाटत नाही. मी स्वतः अशाच एका क्लासला जात होते. नाव घेत नाही. तिथं आम्हाला बाजाराचं दृश्य पाठ करून दिलं होतं: डावीकडे भाजीची गाडी, मधे छत्रीवाला, मागं झाडं आणि घरं, सगळ्या माणसांची डोकी एका रेषेत. मी ते डोळे मिटून काढू शकत होते. परीक्षेत बाजारच आला, आणि मला केवढा आनंद झाला. प्रश्न होता, पहिल्या मजल्याच्या बाल्कनीतून दिसणारा बाजार. मी खाली बाल्कनीचा कठडा काढला आणि त्यावर माझा पाठ केलेला बाजार ठेवून दिला.

ते का चुकलं हे मला कॉलेजच्या पहिल्या वर्षी कळलं. सपाट रस्त्यावर उभं राहून बघितलं तर आपल्याच उंचीच्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, क्षितिजरेषेवरच, म्हणजे आपल्या डोळ्यांच्या पातळीच्या रेषेवरच येतात. म्हणून क्लासचं चित्र त्याच्या जागी बरोबर होतं. पण पहिल्या मजल्यावर बघणाऱ्याचा डोळा रस्त्यापासून साधारण साडेचार मीटरवर असतो आणि माणूस १.६ मीटरचा. म्हणजे कुठल्याही माणसाच्या पायापासून क्षितिजरेषेपर्यंत त्याच्याच जवळजवळ तीन उंच्या मावायला हव्यात. जवळच्या माणसाच्याही तीन, लांबच्याही तीन. सगळी डोकी रेषेच्या बरीच खाली, भाजीच्या गाडीचा पृष्ठभाग वरून उघडा, छत्रीचा वरचा भाग दिसणारा. माझ्या चित्रात छत्रीची आतली काडी दिसत होती. त्या चित्राला किती कमी गुण पडले ते इथं लिहीत नाही. वर्ष वाया गेलं, आणि त्या क्लासमधून एकदाही कुणी विचारलं नाही की काय झालं.

पुढच्या वर्षी मी एकही दृश्य पाठ केलं नाही. आमच्या आळीतला चौक रोज संध्याकाळी काढला, कट्ट्यावर बसून, उभ्यानं, शेजारच्यांच्या गच्चीवरून. बसून काढताना क्षितिजरेषा उभ्या माणसांच्या छातीतून जाते, हे मला कुणी शिकवलं नाही, दिसलं. ही रेषा आधी हलक्या हातानं आखली आणि माणसं तिच्या हिशेबानं ठेवली की प्रश्नात बाल्कनी येवो, जिना येवो, नाहीतर झोपाळ्यावर बसलेलं मूल, चित्र जुळतं. तीस पाठ चित्रांपैकी प्रत्येकाची नजरेची पातळी ठरलेली असते. प्रश्नाची ठरलेली नसते.

मुलं पास होतात म्हणता, होत असतील. कोणती, किती, हे तुम्ही लिहिलं नाही, मीही विचारत नाही. गणितावर मी लिहिलं नाही कारण मी गणित शिकवत नाही. तीन महिने कमी आहेत का, तर रोजच्या पंचवीस मिनिटांना कमी नाहीत.

एक विनंती करते. तुम्ही माझ्यावर रागावलात त्याचा तुमच्या मुलीशी संबंध नाही. स्वयंपाकघरातला तांब्या तिच्यासमोर दहा मिनिटं ठेवा, मग उचलून न्या. आधी तो जसा दिसत होता तसा काढायला सांगा आणि काठाच्या व बुडाच्या लंबगोलाची रुंदी-खोली पट्टीनं मोजा. बूड काठापेक्षा चपटं आलं असेल तर पुढचा आठवडा त्यावरच घालवायचा. मग वरून काढायला सांगा आणि वर्तुळं मोजा. चार आली तर काही बोलू नका, फक्त तांब्या परत आणून तिच्या हातात द्या.