टायमिंग बेल्ट तुटल्यावर इंजिनात नेमके काय आदळते?

“टायमिंग बेल्ट तुटला की कोणत्याही गाडीचे इंजिन फुटतेच, कारण बेल्टचे तुकडे आत जातात. वेग कमी असेल आणि क्लच लगेच दाबला तर काही होत नाही. नवा बेल्ट टाका आणि सेल्फ मारून बघा.”

हा सल्ला एकेक करून तपासू; बेल्टच्या तुकड्यांपासून सुरुवात करू. बहुतेक गाड्यांत हा बेल्ट इंजिनाच्या एका टोकाला, प्लास्टिकच्या झाकणाखाली कोरडा फिरतो आणि तिथून सिलिंडरमध्ये जायला वाटच नसते. नुकसान होते ते इंजिनाचेच दोन भाग एकमेकांवर आदळल्यामुळे. बेल्ट तुटताच व्हॉल्व्ह उघडणाऱ्या कॅमशाफ्टचा पिस्टन वरखाली करणाऱ्या क्रँकशी असलेला संबंध संपतो, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांच्या दाबामुळे कॅम जवळजवळ जागीच थांबतो. चार सिलिंडरच्या इंजिनात कोणत्याही क्षणी निदान एक-दोन व्हॉल्व्ह उघडे असतातच. ते तसेच उघडे राहतात. क्रँक मात्र फ्लायव्हीलच्या आणि गाडी गिअरमध्ये असेल तर चाकांच्या जोरावर फिरत राहतो, आणि पिस्टन वर येत राहतात.

आता “कोणत्याही गाडीचे” हा शब्द तपासू, कारण सगळा प्रश्न इथेच आहे. पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह सिलिंडरमध्ये साधारण आठ मिलिमीटर खाली उतरतो. पिस्टन अगदी वर असताना त्याला तेवढी जागा मिळते का, एवढेच पाहायचे. भारतात डस्टर आणि लोगनमध्ये आलेले रेनोचे 1.5 लिटरचे डिझेल इंजिन घ्या. ते 1461 घन सेंटिमीटरचे आहे, म्हणजे एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे 365 येतात. कॉम्प्रेशनचे, म्हणजे पिस्टन खाली असतानाच्या आणि वर असतानाच्या जागेचे प्रमाण 18 ला 1 धरले, तर पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा 365 भागिले 17, म्हणजे साडेएकवीस घन सेंटिमीटर. सिलिंडरचा व्यास 76 मिलिमीटर असल्याने ही जागा सपाट पसरली तरी तिची उंची पावणेपाच मिलिमीटरच भरते, आणि प्रत्यक्षात तिचा मोठा भाग पिस्टनच्या माथ्यावरच्या वाटीत असतो. त्या वाटीच्या काठाशी उघडा व्हॉल्व्ह सापडला, तर तो वाकण्यावाचून दुसरे काही होऊच शकत नाही. अशा इंजिनाला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात.

याच्या शेजारी 1990 च्या दशकातल्या टोयोटा करोलाचे 1.6 लिटरचे 4A-FE पेट्रोल इंजिन ठेवा. त्याचे कॉम्प्रेशन साडेनऊला 1 च्या आसपास आहे, आणि हाच हिशेब केला तर सरासरी उंची नऊ मिलिमीटरपर्यंत जाते. त्यातच व्हॉल्व्ह तिरके बसवलेले असल्याने ते सिलिंडरवरच्या हेडमधल्या उतरत्या पोकळीत उघडतात. पिस्टन वर येतो, व्हॉल्व्हच्या खालीच थांबतो आणि परत जातो. गाडी बंद पडते, टोचन करावी लागते, पण खुणा जुळवून नवा बेल्ट बसवला की ती पूर्वीसारखी चालते. हे फ्री-रनिंग इंजिन. मात्र केवळ कॉम्प्रेशनच्या आकड्यावरून निकाल लावू नये. व्हॉल्व्ह किती उतरतो, कोणत्या कोनात बसला आहे आणि पिस्टनवर त्याच्यासाठी खाचा आहेत का, यांवर ते ठरते. म्हणूनच तेवढ्याच कॉम्प्रेशनची अनेक पेट्रोल इंजिने इंटरफिअरन्स असतात. आपल्या गाडीसाठी कंपनीचे सर्व्हिस मॅन्युअलच पाहावे.

क्लचचे म्हणणे तर वेळेच्या हिशेबातच टिकत नाही. न्यूट्रलमध्ये मिनिटाला 800 फेऱ्यांवर क्रँकची एक फेरी 75 मिलिसेकंदांत होते, आणि त्या एका फेरीत चारही पिस्टन एकदा वर येऊन जातात. माणसाचा पाय पेडलपर्यंत पोचण्यापूर्वीच जे आदळायचे ते आदळून गेलेले असते. कमी वेगात धक्का सौम्य बसतो आणि पिस्टनला भोक पडण्याची किंवा व्हॉल्व्हचे डोके तुटून पडण्याची शक्यता घटते, हे मान्य; पण व्हॉल्व्हची दांडी वाकायला वेग फारसा लागत नाही.

सर्वांत घातक सल्ला सेल्फचा आहे. जो व्हॉल्व्ह पहिल्या धडकेत वाचला, तो सेल्फ मारताना वाकू शकतो. म्हणून आधी क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून क्रँक पिस्टनच्या वरच्या बिंदूपासून पाव फेरी मागे न्यावा, म्हणजे चारही पिस्टन मध्यावर येतात. मग कॅम खुणेवर आणावा, क्रँक परत जागेवर न्यावा, नवा बेल्ट चढवावा आणि हाताने दोन फेऱ्या फिरवून पाहाव्यात. कुठे अडकले तर जोर लावू नये.

त्यानंतर ज्या सिलिंडरचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत, त्यात डिझेल इंजिनात ग्लो प्लगच्या आणि पेट्रोल इंजिनात स्पार्क प्लगच्या भोकातून दाबाची हवा सोडावी. पिस्टन वर असताना सायलेन्सरमधून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वाकला आहे. एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक. हेड उतरवल्यावर पिस्टनच्या माथ्यावर काजळीत चंद्रकोरीसारखी चकचकीत खूण दिसते, आणि तोच व्हॉल्व्ह काचेवर लोळवला की त्याचे डोके वरखाली डुलताना नुसत्या डोळ्यांनी दिसते.