स्वखर्चाने नळ बदलण्याबाबत

दुसऱ्याच्या भिंतीतला नळ मी माझ्या पैशाने नवा करून देतो, असं म्हटल्यावर समोरचा माणूस खूश होईल, असं कुणालाही वाटेल. घरमालकाला मात्र पहिला प्रश्न पडतो : ‘का?’

आमचं घर कोथरूडच्या एका जुन्या इमारतीत आहे. बाथरूममधला मिक्सर इमारतीइतकाच जुना. गरम पाण्याच्या नळाची चावी बंद करायला दोन्ही हात आणि थोडी ईर्ष्या लागते. तरीही खाली ठेवलेली बादली सकाळपर्यंत अर्धी भरते. प्लंबरने वायसर बदलून पाहिला. दोन दिवस नळ गप्प बसला आणि पुन्हा सुरू झाला. प्लंबर म्हणाला, “साहेब, वायसर नवा टाकून काय होणार? तो ज्याच्यावर बसतो ती सीटच खाल्ली गेलीय. बोट घालून बघा, खड्डे लागतील.” बोट घातलं. खड्डे लागले. बोअरच्या पाण्याचे क्षार शॉवरच्या भोकांत असे बसले होते की बहुतेक भोकं बंद आणि उरलेली तीन-चार भिंतीला आंघोळ घालत होती.

आता नवा मिक्सर आणायचा आणि बसवायचा, यात पत्र कुठून आलं? करारातून. आमच्या लिव्ह अँड लायसन्सच्या करारात, मालकाच्या लेखी पूर्वसंमतीशिवाय जागेत कसलाही फेरफार करायचा नाही, असं कलम आहे. नळ बदलणं हा फेरफार आहे का, यावर वाद घालता येईल. पण तो वाद डिपॉझिट परत मिळायच्या दिवशी घालावा लागतो, आणि त्या दिवशी पैसे त्यांच्याकडे असतात.

सोसायटीत एक वकील राहतात. त्यांना लिफ्टमध्ये विचारलं. ते म्हणाले, “महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम १४. मालकाने दुरुस्ती केली नाही तर पंधरा दिवसांची नोटीस द्यायची, दुरुस्ती करायची आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत.” माझी छाती फुगली. तिसऱ्या मजल्यावर ते उतरता उतरता म्हणाले, “पण ते भाडेकरूसाठी. तुम्ही लायसन्सी.” लिफ्टचं दार बंद झालं. मी पाचव्या मजल्यापर्यंत लायसन्सी म्हणूनच गेलो.

तेव्हा विनंतीपत्र. मालक काका निवृत्त आहेत, नाशिकला असतात आणि कागदाशिवाय त्यांना काही चालत नाही. मी लिहिलं : ‘बाथरूममधील जुने, गंजलेले नळ व मिक्सर स्वखर्चाने बदलण्याची परवानगी मिळणेबाबत.’ फोटो काढून पाठवला. काकांचा लगेच फोन.

“गंजलेले कुठेत? ते पितळ आहे. पितळ गंजत नाही.”

मुद्दा बरोबर होता. वरचा क्रोमचा मुलामा उडून आतलं पितळ दिसत होतं, त्याला गंज म्हणणं हा त्या पितळेचा अपमान होता. मिक्सर काकांनी स्वतः दुकानात जाऊन निवडला होता, हेही मला त्याच फोनवर कळलं. मग खरा प्रश्न आला.

“खर्च तुम्ही करणार म्हणता. किती वर्षं राहायचा विचार आहे?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की स्वखर्च हा शब्दच त्यांना खुपत होता. उद्या जाताना हा माणूस मिक्सर काढून नेईल आणि भिंतीत दोन भोकं ठेवेल, नाहीतर तो तिथेच ठेवून त्याचे पैसे मागेल. शेजारचे आजोबा म्हणाले, “मुलीकडच्यांनी हुंडा नको म्हटल्यावर मुलाकडचे चौकशीला निघतात, तसं आहे हे.” उदाहरण उलटसुलट होतं, पण मला समजलं.

दुसरं पत्र मी काकांच्या डोक्यात शिरून लिहिलं. काय काढणार : एक वॉल मिक्सर, एक शॉवर, एक बिब कॉक. काय लावणार : तेच, कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबरासकट, आणि दुकानदाराचं कोटेशन सोबत. नवीन वस्तू जाताना जागेतच राहतील, त्यांची किंमत मागणार नाही, भाड्यातून वळती करणार नाही. जुन्या मिक्सरच्या दोन्ही पायांमधलं अंतर मोजलं, सहा इंच भरलं. नवाही सहा इंचीच आहे, म्हणून फरशी फोडावी लागणार नाही, असं लिहिलं. हे वाक्य मला फार आवडलं होतं.

प्लंबरने ते वाचलं आणि खोडायला लावलं. “फोडावी लागणार नाही असं लिहू नका. आत जीआयची लाइन आहे. मिक्सर फिरवून काढताना भिंतीतली निपल, म्हणजे जोडाचा छोटा पाइप, सोबत तुटली तर? वरून पितळ ठणठणीत दिसतं, आतली लोखंडी निपल बिस्किटासारखी झालेली असते. आटे आत राहिले तर काढायला एक फरशी जाणारच.” काकांनी नाकारलेला गंज असा भिंतीत लपून बसला होता. आणि त्या फिकट हिरव्या, कोपऱ्यात फुलाच्या फरश्या आता कुठल्याही दुकानात मिळत नाहीत.

या एका निपलवर पत्राचा सर्वांत मोठा परिच्छेद खर्च झाला. निपल तुटल्यास एका फरशीपर्यंत फोडकाम मी करून घेईन. शक्य तितक्या जवळच्या रंगाची फरशी बसवीन. भिंतीतला पाइपच कुजलेला निघाला तर काम तिथेच थांबवून फोटो पाठवीन, कारण पाइप हा मालकाच्या दुरुस्तीचा भाग आहे. शेवटचं वाक्य बायकोने घालायला लावलं. तिचं म्हणणं, नळाच्या उत्साहात तू अख्ख्या इमारतीची लाइन बदलून देशील. शेवटी कामाआधीचे आणि नंतरचे फोटो पाठवण्याचं आश्वासन. बाथरूमला वेगळा स्टॉप कॉक नाही, त्यामुळे गच्चीवरचा व्हॉल्व्ह बंद करायला सेक्रेटरींना वेगळी चिठ्ठी द्यावी लागली. ती चिठ्ठी सोपी होती. त्यांनी फक्त ‘रविवार नको’ एवढंच सांगितलं.

काकांनी पत्राची प्रिंट काढली, सही केली आणि फोटो पाठवला. खाली निळ्या शाईत एक ओळ वाढवली होती : ‘जुने साहित्य मालकाचे असून ते भंगारात देऊ नये.’ फोनवर कारण सांगितलं : “हल्लीचे नळ पोकळ असतात हो. जुना हातात घेऊन बघा.”

मिक्सर निघाला तेव्हा हातात घेतला. काकांचं खरं होतं. नवा त्याच्यापुढे खेळण्यातला वाटत होता. उजवी निपल सुखरूप राहिली. डावी तुटली, पण आटे थोडे बाहेर असल्यामुळे प्लंबरने पान्याने धरून काढले आणि फुलाची फरशी वाचली. मग टेफ्लॉन टेप गुंडाळून नव्या निपली बसवल्या, व्हॉल्व्ह उघडला आणि नवा नळ एका बोटाने बंद झाला. रात्रभर बादली कोरडी.

ठरल्याप्रमाणे फोटो पाठवले. भिंतीचा, नव्या मिक्सरचा, आणि जुनं सगळं साहित्य स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवून, आकडा दिसेल असा एक. काकांची निळी खूण लगेच आली. बराच वेळ ‘टायपिंग’ दिसत होतं. मग उत्तर आलं :

“छान. शॉवरची पितळी चकती काट्यावर दिसत नाही.”