एकाच वाटेने मिळालेले गुणोत्तर पुरेसे नसते

«मार्कोव्ह साखळीचे स्थिर वितरण काढण्यासाठी सगळी समीकरणे सोडवत बसू नका. प्रत्येक जोडीसाठी π_i p_ij = π_j p_ji लिहा, एका अवस्थेपासून गुणोत्तरे जोडत जा आणि शेवटी बेरीज १ करा. कुठल्याही साखळीला हे चालते, आणि साखळी अखेर त्याच वितरणाकडे जाते.»

हा मजकूर संख्याशास्त्राच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या माझ्या भाचीने मला पाठवला आणि सोबत याच रीतीने सोडवलेले एक उदाहरणही पाठवले. तिचे उत्तर चुकले होते, पण बेरीज १ येत असल्यामुळे ती चूक तिला दिसण्याचा काही मार्गच नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मार्कोव्ह साखळीत पुढची अवस्था फक्त सध्याच्या अवस्थेवरून, ठरलेल्या संभाव्यतांनी निवडली जाते; p_ij म्हणजे i वरून j वर जाण्याची संभाव्यता, π_i म्हणजे वितरणातले i चे वजन, आणि एक पाऊल टाकल्यावरही जे बदलत नाही ते स्थिर वितरण.

सर्वांत घातक शब्द «कुठल्याही» हा आहे. अ, ब, क अशा तीन अवस्था वर्तुळात मांडलेल्या आहेत असे समजा. अ वरून ब वर, ब वरून क वर आणि क वरून अ वर जाण्याची संभाव्यता प्रत्येकी २/३ आहे, तर उलट दिशेने जाण्याची प्रत्येकी १/३ आहे. सांगितलेल्या रीतीने अ आणि ब यांच्यात ब चे वजन अ च्या दुप्पट येते, ब आणि क यांच्यात क चे ब च्या दुप्पट येते, आणि वितरण १/७, २/७, ४/७ असे मिळते. आता एक पाऊल पुढे टाकून पाहा. पुढच्या क्षणी अ वर असण्याची संभाव्यता (२/७ × १/३) + (४/७ × २/३), म्हणजे १०/२१ येते; ती १/७, म्हणजे ३/२१, यायला हवी होती. खरे स्थिर वितरण प्रत्येकी १/३ आहे, कारण प्रत्येक अवस्थेत येणाऱ्या संभाव्यतांची बेरीजही १ च आहे.

चूक कोठे झाली हे समजण्यासाठी अ वरून थेट क कडे जा. या वाटेने क चे वजन अ च्या निम्मे येते, तर ब मार्गे ते चौपट आले होते. एकाच गुणोत्तराची दोन उत्तरे आली, याचा अर्थ π_i p_ij = π_j p_ji या ज्या तपशीलवार समतोलापासून आपण सुरुवात केली तो या साखळीत अस्तित्वातच नाही. स्थिर वितरणासाठी प्रत्येक अवस्थेत येणारा आणि तिच्यातून जाणारा एकूण प्रवाह सारखा असावा लागतो, एवढेच. तपशीलवार समतोल त्याहून बरेच अधिक मागतो: प्रत्येक जोडीतला जाण्यायेण्याचा प्रवाह स्वतंत्रपणे जुळला पाहिजे. इथे अ, ब, क, अ असा प्रवाह सतत फिरत राहतो. एकूण हिशेब जुळतो, जोडीचा जुळत नाही.

तो जुळेल की नाही हे वितरण न काढताही कळते, आणि त्याची कसोटी आंद्रेई कोल्मोगोरोव्ह यांनी १९३६ मध्येच दिलेली आहे. ज्या साखळीत कुठूनही कुठेही पोहोचता येते, तिच्यात प्रत्येक बंद फेरीवरच्या संभाव्यतांचा गुणाकार दोन्ही दिशांनी सारखा आला, तरच तपशीलवार समतोल असतो. आपल्या उदाहरणात एका दिशेने ८/२७ येतात आणि उलट दिशेने १/२७. एखादा बाण एकाच दिशेने जात असेल, तर अशा साखळीत गुणाकार करण्याचीही गरज उरत नाही. समतोल नाही हे तिथेच ठरते.

मजकुरात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करायलाच हवे. समतोल खरोखर पाळणारे वितरण हाती असेल, तर π_i p_ij = π_j p_ji या समीकरणाची दोन्ही बाजूंनी सर्व i साठी बेरीज घ्यावी; उजवीकडे p_ji ची बेरीज १ असल्याने π_j उरतो, म्हणजे ते वितरण स्थिर असते. शिवाय अवस्था एका रांगेत असतील आणि साखळी शेजारच्याच अवस्थेत जात असेल, तर फेरी पूर्ण करणारी दुसरी वाटच नसते, आणि ही रीत निर्धोक चालते. पॉल आणि तातियाना एरनफेस्ट यांचे १९०७ चे प्रतिमान तसेच आहे: दोन पेट्यांत मिळून चार चेंडू आहेत, आणि दर वेळी यादृच्छिकपणे एक चेंडू निवडून तो दुसऱ्या पेटीत टाकायचा. पहिल्या पेटीत i चेंडू असताना पुढच्या अवस्थेचे वजन (४ − i)/(i + १) पट होते, म्हणून वजने १, ४, ६, ४, १ येतात आणि १६ ने भागले की वितरण तयार होते. पाच समीकरणे एकत्र सोडवावी लागली नाहीत.

याच प्रतिमानात शेवटचा दावाही टिकत नाही. दर पावलाला पहिल्या पेटीतल्या चेंडूंची संख्या एकाने बदलते, त्यामुळे सम संख्येपासून सुरुवात केली तर सम पावलांनंतर ती समच असते, आणि एक किंवा तीन चेंडू असण्याची संभाव्यता त्या वेळी शून्य असते. वितरण स्थिर आहे, तरी साखळी त्याच्याकडे जात नाही. प्रत्येक पावलाला अर्ध्या संभाव्यतेने काहीच हलवायचे नाही असा नियम जोडला, की ही आवर्तिता मोडते. π तेच राहते आणि मग साखळी खरोखर तिकडे जाते.

भाचीच्या उदाहरणात तीन अवस्थांची एकच फेरी होती. दोन्ही दिशांचे गुणाकार आधी केले असते, तर ती रीत तिथे लागू नाही हे तिला दोन ओळींत कळले असते.