दहा हजार फेऱ्यांनी आठ नोंदी वाढत नाहीत

"नोंदी आठच असल्या तरी बूटस्ट्रॅप दहा हजार वेळा चालवला की सरासरीचा अंदाज पक्का होतो."

नाही होत. बूटस्ट्रॅप म्हणजे हातातल्या नोंदींमधूनच, उचललेली परत ठेवत, तितक्याच नोंदी पुन्हा पुन्हा उचलायच्या आणि दर फेरीला सरासरी काढायची. फेऱ्या वाढवून फक्त या सोडतीतला गोंगाट कमी होतो. रांगेत थांबल्याची मिनिटं घ्या: 2, 3, 3, 4, 5, 6, 9, 40. सरासरी 9. परत ठेवत आठदा उचलताना 40 एकदाही न येण्याची शक्यता (7/8)⁸, म्हणजे सुमारे 34 टक्के. आला, तर दर वेळी सरासरीत त्याचा एकट्याचा वाटा 5 मिनिटांचा. त्यामुळे सरासरींचा आलेख एकसंध टेकडीसारखा न दिसता त्यात सुटेसुटे उंचवटे दिसतात. हे दिसलं की सावध व्हा. शिवाय 40 पेक्षा मोठी नोंद यात कधीच येणार नाही, म्हणून खरी सरासरी जिथे असावी असं सांगणारा, फेऱ्यांच्या सरासरींच्या 2.5 ते 97.5 शतमकांमधला पट्टा वरच्या बाजूला तोकडा पडतो. दर फेरीतला सरासरीचा फरक त्याच फेरीच्या प्रमाण त्रुटीने भागणारा बूटस्ट्रॅप-टी वापरला तर पट्टा बराच रुंद येतो. तो अरुंद करायला आणखी नोंदीच लागतात.