सभेत ‘आई’ म्हणायला कोणाची हरकत आहे?

आज गंगापूर रोडवरील एका सभागृहात आमच्या शेजारच्या काकूंची शोकसभा झाली. त्यांच्या थोरल्या मुलाने स्वतः भाषण लिहिले होते आणि घरातील एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी, ज्यांनी आयुष्यभर सभा गाजवल्या आहेत, ते काल रात्री लाल पेनाने ‘शुद्ध’ करून दिले. शुद्ध केले म्हणजे काय केले, तर जिथे जिथे ‘आई’ होते तिथे काट मारून ‘माता’ किंवा ‘मातोश्री’ लिहिले आणि शेवटी ‘हे जननी, तुला शतशः प्रणाम’ ही ओळ जोडली. ‘आई’ हा घरातला शब्द आहे, व्यासपीठावर तो शोभत नाही, असे त्यांचे म्हणणे. त्यामुळे त्या बिचाऱ्याला भर सभेत असे वाचावे लागले: ‘माझी माता दर पावसाळ्यात माझ्या दप्तराला खताच्या गोणीची खोळ शिवून देत असे.’ मागच्या रांगेतल्या दोन मुली फिस्सकन हसल्या. मला त्यांचा राग आला नाही, लाल पेनाचा आला.

‘माता’ शब्दाशी माझे वैर नाही. वीरमाता, राजमाता, भारतमाता, शाळेतला माता-पालक मेळावा, आरोग्य केंद्रातल्या नोंदवहीतली गरोदर माता, या सगळ्या ठिकाणी तो अगदी बरोबर बसतो, कारण तिथे कोणा एकीच्या हातचे काही सांगायचे नसते. तिथे पद असते, नाते असते किंवा गट असतो. पण त्या मातेला शिवायला, दळायला, रागवायला लावले की वाक्य पैठणी नेसून भांडी घासायला बसल्यासारखे दिसू लागते. शिवून देते ती आई. श्रद्धांजलीच्या भाषणात तर सगळी अशीच वाक्ये असतात. तीच काढून टाकली तर उरते ते कोणत्याही बाईबद्दल बोलता येईल असे भाषण.

आणि ‘जननी’! त्या शब्दाबद्दल मी जरा जास्तच तापते, याचे कारण माझ्या जवळच्यांना ठाऊक आहे. मी पाळण्यात असतानाच माझी आई गेली आणि मला थोरल्या काकूंनी वाढवले, ज्यांना आम्ही सगळी मुले माई म्हणत असू. माई गेल्यावर आमच्या भागातल्या एका मंडळाने सभा घेतली आणि अध्यक्षांनी घोगऱ्या आवाजात सांगितले की, ‘ताईंनी आज आपली जननी गमावली आहे.’ सभेतल्या अर्ध्या बायकांनी माझ्याकडे पाहिले. जननी म्हणजे जन्म देणारी. ‘जन्’ या धातूतून आलेला तो शब्द दुसरे काही सांगतच नाही. माईंनी मला जन्म सोडून बाकी सगळे दिले होते आणि गृहस्थांनी नेमके तेवढेच उचलून त्यांच्या नावावर मांडले. दत्तक घेतलेल्या, सावत्र, किंवा माझ्यासारख्या चुलतीने वाढवलेल्या मुलांच्या घरी हा शब्द वापरण्याआधी दोन मिनिटे चौकशी करायला काय लागते?

तरी एक गोष्ट कबूल करते. वीरमातेला ‘वीरआई’ म्हणता येत नाही, आणि जन्मभूमीच्या जोडीला संस्कृत सुभाषितात जननीच हवी.

पण ‘आई’ हा शब्द हलका, हे कोणी ठरवले? साने गुरुजींनी १९३३ साली ‘श्यामची आई’ लिहिली ती आपल्याच नाशिकच्या तुरुंगात. तो शब्द छापील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर चालला आणि भाड्याच्या सभागृहातल्या माइकसमोर चालत नाही! आदर दाखवायला मराठीत नाम बदलावे लागत नाही, क्रियापद ते काम करते. स्वतःच्या आईला आपण ‘अगं आई’ म्हणतो आणि ‘आई गेली’ असे सांगतो. सासूला ‘अहो आई’ म्हणतो आणि ‘आई गेल्या’ असे सांगतो. तोच शब्द, पण कोण बोलते आहे ते ऐकणाऱ्याला लगेच कळते. आज काकूंची सून बोलायला उभी राहिली तेव्हा तिने कागद घेतलाच नाही. ‘आईंनी मला पहिल्या वर्षी एकदाही स्वयंपाकात चूक दाखवली नाही, नुसतं मीठ जवळ सरकवून ठेवलं,’ एवढेच ती म्हणाली. त्या ‘आईंनी’मध्ये माया आणि अंतर दोन्ही होते. तिच्या कागदावर त्याच लाल पेनाने ‘सासूमाता’ लिहिले होते, असे नंतर कळले.

मुलाच्या भाषणात आणखी एक घोटाळा झाला, जो अशा दुरुस्त्यांनंतर हमखास होतो. पहिल्या परिच्छेदात ‘मातोश्री पहाटे उठत असत’ आणि तिसऱ्यात ‘ती आम्हाला ओरडायची’. मातोश्री म्हटले की क्रियापद आदरार्थी अनेकवचनी होते, पण माणूस आठवणीत शिरला की जीभ आपोआप ‘ती’वर येते आणि एकाच भाषणात दोन वेगवेगळ्या बायका असल्यासारखे वाटते. भाषण एकदा मोठ्याने वाचून फक्त क्रियापदे ऐकली तरी हे सापडते. माईंच्या सभेसाठी मी माझे टिपण असेच स्वयंपाकघरात वाचले होते. त्यात सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘माई’ आणि ‘त्या’ होते, कारण आयुष्यभर मी त्यांना अहो-जाहोच केले. ‘आई’ हा शब्द एकदाच आला, ‘त्या माझी आई होत्या’ या वाक्यात. व्याकरणाचा पेपर तपासणाऱ्याने त्याखाली रेघ मारली असती. मी ते बदलले नाही.

हे टंकताना राग थोडा उतरला आहे. लाल पेनवाले काका मूळचे बागलाणातले. फोनवर बहिणीशी अहिराणीत बोलताना ते आपल्या आईला ‘माय’ म्हणतात, हे मी स्वतः ऐकले आहे. नाशकात शिकायला आलेल्या त्या पिढीतल्या अनेकांना ‘माय’ म्हटल्यावर वर्गात हसणारे भेटले असतील, आणि मग व्यासपीठावर उभे राहताना सर्वांत सुरक्षित म्हणून ‘माता’ हाताशी धरली गेली असेल. ते मी समजू शकते. पण आपल्याला कोणी हसले म्हणून पुतण्याच्या तोंडून त्याचा शब्द काढून घ्यायचा, हे मला समजत नाही. उलट काकांनी आज उठून ‘आमच्या वहिनी म्हणजे आम्हाला मायच होती’ असे म्हटले असते, तर सबंध सभा गप्प होऊन ऐकत राहिली असती.

आता कुटुंबीय स्मरणपत्रिका छापणार आहेत आणि मसुदा माझ्याकडे आला आहे. मथळ्याखाली ‘आमच्या मातोश्री’ राहू दिले आहे. माईंच्या वेळी चुलतभावांनी वर्तमानपत्रात तेच छापले होते आणि मलाही ते पटले होते, कारण तिथे घरातर्फे परक्यांशी बोलायचे असते. काकू वस्तीतल्या बायकांना शिवणकाम शिकवत, त्या ओळीत ‘कितीतरी मातांना’ आहे, तेही ठीक. दप्तराच्या खोळीपासून पुढे मात्र सगळीकडे ‘आई’ आणि ‘ती’ परत लिहिले आहे, ‘हे जननी’ची ओळ काढली आहे, आणि मसुदा काकांना न दाखवता थेट छापखान्यात द्यावा असे मुलाला सांगितले आहे.