पित्ताशयाच्या तोंडाशी खडा अडकतो तेव्हा

"तेलकट खाल्लं की तासाभरात उजव्या बरगडीखाली दुखतं, साधं जेवलं तर काहीच नाही. असं का?"

पित्ताशय ही यकृताखाली लटकलेली छोटी पिशवी, त्यात साधारण 30 ते 50 मिली घट्ट पित्त साठतं. स्निग्ध पदार्थ लहान आतड्याच्या सुरुवातीला पोचले की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं आणि पिशवी आवळली जाते. साध्या जेवणाने ती इतक्या जोराने आवळत नाही.

आत खडा असेल तर तो या दाबाने पिशवीच्या तोंडाशी जाऊन बसतो. पित्ताला वाट नाही, पिशवी मात्र पिळतेच आहे. दुखतं ते या ताणामुळे. समजा रात्री नऊला जेवलात, दहाला दुखायला लागलं, कळ उजव्या खांद्याच्या पात्यापर्यंत गेली आणि बाराला आपोआप थांबली, तर पिशवी सैलावून खडा मागे घसरला असणार. (याला 'पोटशूळ' म्हणतात खरं, पण इतर पोटशूळांसारखी ही कळ येतजात नाही, सलग टिकते.) अॅसिडिटीच्या गोळीने ती हटत नाही. पोटाच्या सोनोग्राफीत खडे बहुधा दिसतात, उपाशीपोटी करा.

दुखणं पाच-सहा तासांनीही थांबलं नाही, ताप आला किंवा डोळे पिवळे झाले, तर सोनोग्राफीच्या तारखेची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठा.