खजिनदार झालात? मग स्क्रीनशॉट काढा!

सोसायटीच्या समितीत बिनविरोध निवडून आल्याबद्दल अभिनंदन. आता वार्षिक सभा तोंडावर आहे, 30 सप्टेंबरच्या आत ती घ्यावीच लागते, आणि वर्षभराच्या खर्चाचा अहवाल सभासदांपुढे ठेवायचाय. घाबरू नका. गेल्या रविवारी आमच्या पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मी असा एक अहवाल अनुभवून आलोय. तो कसा करायचा ते आता मला पाठ आहे.

सुरुवात रात्री उशिरा करावी. हिशेबाचं ॲप मोबाईलवर उघडावं आणि दिसेल त्याचा फोटो घ्यावा. वर रात्रीचे 11:47, बॅटरी 14 टक्के आणि "तुमची ऑर्डर निघाली आहे" अशी सूचना दिसली तर ती कापू नये. खजिनदार किती राबतात हे लोकांना कळलं पाहिजे. असे चौदा फोटो झाले की त्यांची पीडीएफ करून सभेच्या आदल्या रात्री ग्रुपवर टाकावी. अक्षर दिसत नाही अशी कुणी तक्रार केली तर "झूम करा" म्हणावं.

ॲप उघडताच समोर येतो तो रंगीत गोल चार्ट पहिल्या पानावर हवाच. त्याच्या वर बारीक अक्षरात `Last 12 Months` लिहिलेलं असतं. तुम्ही फोटो ऑगस्टात काढला म्हणजे त्यात गेल्या ऑगस्टपासूनचे बारा महिने येणार आणि अहवाल आहे एप्रिल ते मार्चचा. चालतंय. दुसऱ्या पानावरची बेरीज चार्टशी जुळली नाही तर "ॲपमध्ये थोडा फरक येतो" असं सांगावं.

त्या ठरावीक तीन फ्लॅटच्या थकबाकीचा फोटो मात्र चुकूनही काढू नये.

आता टँकर. उन्हाळ्यात आम्ही पाण्यावर किती घालवले ते मला वॉचमनच्या वहीतून माहीत होतं, म्हणून अहवालात 62,500 वाचून मी खूश झालो. इतकं स्वस्त पाणी पुण्यात कुठं मिळतं? मग झूम केलं. खाली कोपऱ्यात `Showing 1–25 of 61`. म्हणजे यादी 61 टँकरची, पडद्यावर दिसत होते 25 आणि ॲपने बेरीज दाखवली ती त्या पानापुरती. एक टँकर 2,500 चा. 61 टँकरचे होतात 1,52,500. म्हणजे 90,000 रुपये पुढच्या पानावरच राहिले! तुम्हीही असंच करा, `Next` दाबायला बोट दुखतं.

आता मुख्य कला. "इतर" नावाचं खातं सढळ हाताने वापरावं. आमच्याकडे सिंकिंग फंडातून बँकेत तीन लाखांची मुदत ठेव केली. खजिनदारांनी पैसे दिल्याचं व्हाउचर केलं, ॲपने विचारलं कशासाठी, त्यांनी "इतर" निवडलं. झालं, तीन लाख खर्च! अहो, पैसा या खिशातून त्या खिशात गेला. ठेव पावती सोसायटीच्या नावावर आहे, व्याज सोसायटीला मिळणार आहे. ती ताळेबंदात मालमत्तेच्या बाजूला बसते. तिला खर्चात धरायचं म्हणजे कपाटात ठेवलेले पैसे चोरीला गेले म्हणून बोंब मारण्यासारखं झालं.

आणि लिफ्ट! लिफ्टबद्दल बोलतो, कारण सभेत मला तिथंच बसवलं. आमच्या दोन लिफ्टच्या वार्षिक देखभालीचे 84,000. चालू वर्षाचे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दिले. मग मार्चअखेर कंपनीचा माणूस आला, आत्ता भरलं तर पुढच्या वर्षी दर वाढवणार नाही म्हणाला, म्हणून पुढच्या वर्षाचेही 84,000 भरले. सौदा चांगला होता, खजिनदारांना त्याबद्दल शाबासकी. पण अहवालात लिफ्टचा खर्च लागला 1,68,000. दुसरे 84,000 या वर्षाचे नाहीतच, तो आगाऊ भरलेला खर्च. तो ताळेबंदात थांबतो आणि पुढच्या वर्षी खर्चात येतो. एकाच खात्यात एकाच रकमेची दोन व्हाउचर दिसली की थांबून खालचा तपशील वाचायचा असतो, इतकं साधं आहे. मी उभा राहून विचारलं, "दोनदा का?" उत्तर आलं, "काका, ॲपमध्ये आहे ना." मी 31 वर्षं बँकेत खतावण्या जुळवल्या, पाच पैशांच्या फरकासाठी रात्री नऊपर्यंत बसलो, आणि मला सांगतात ॲपमध्ये आहे! ॲपमध्ये तुम्ही जे घालता तेच आहे. ॲप काय लिफ्टने वर जाऊन तपासून येतं?

तेवढ्यात सामोसे आले. सामोसे नेमके प्रश्नोत्तरांच्या वेळी यावेत, हेही लिहून ठेवा.

उपरोध आता बाजूला ठेवतो, कारण याच्या पुढचं हसण्यासारखं नाही. अहवालातला एकूण खर्च 19,46,200. आमचे 40 फ्लॅट, सिंकिंग फंड सोडून महिना 3,500, म्हणजे वर्षाला 16,80,000 ची आकारणी. तूट 2,66,200 म्हणून दरमहा 500 ची वाढ सुचवली आणि सामोसा खाता खाता हात वर करून मंजूरही झाली. घरी येऊन मी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. ठेवीचे तीन लाख वजा, लिफ्टचे पुढच्या वर्षीचे 84,000 वजा, आणि पुढच्या पानावर राहिलेले टँकरचे 90,000 मिळवले. मार्चची बिलं एप्रिलमध्ये देण्याचा घोळ दोन्ही टोकांना सारखाच, म्हणून सोडून दिला. खर्च येतो 16,52,200. तूट नाहीच, 27,800 शिल्लक आहे! नसलेली तूट भरायला तुम्ही 40 घरांकडून वर्षाला 2,40,000 मागताय.

कुणी पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही. खाल्ले असते तर आकडे जुळवले तरी असते. तुम्ही आळस केलात. पडद्यावर दिसतं ती पैसे दिल्याची यादी असते, वर्षाचा खर्च नव्हे, आणि हा फरक ज्याला कळत नाही त्याने सही करायच्या आधी लेखापरीक्षकाला एक फोन करायचा असतो. त्याच ॲपमध्ये `Reports` आहे, त्यात `Trial Balance` आहे, आपण जिला तेरीज म्हणतो ती. वर तारीख 1 एप्रिल ते 31 मार्च टाकायची आणि `Export` दाबायचं. चौदा फोटो काढायला लागला त्याच्या निम्माही वेळ लागत नाही. मग ती तेरीज, उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद शेजारी ठेवून "इतर"मधलं एकेक व्हाउचर उघडून बघायचं. पुन्हा विशेष सभा बोलवा, वाढीचा ठराव मागं घ्या, आणि ही चार पानं छापून प्रत्येकाच्या हातात द्या.

झेरॉक्सचा खर्च परवडत नसेल तर माझ्याकडून घ्या. फक्त तो "इतर"मध्ये टाकू नका.